पाहुण्यांच्या वाय-फायचं लॉगिन पान काही फोनवर का उघडत नाही?

एकाच टेबलावर दोन फोन ठेवलेले. दोन्ही एकाच खुल्या वाय-फायला जोडलेले. एकावर दोन सेकंदांत पान उघडतं: नाव लिहा, नंबर लिहा, अटी मान्य करा. दुसऱ्यावर वाय-फायच्या चिन्हाशेजारी उद्गारचिन्ह येतं, ‘इंटरनेट नाही’ अशी ओळ दिसते आणि पुढे काहीच होत नाही. दुसऱ्या फोनचा मालक वाय-फाय चारदा बंद-चालू करतो, मग फोनच बंद-चालू करतो आणि शेवटी ‘यांचं वाय-फाय बेकार आहे’ म्हणून सोडून देतो. पण वाय-फाय बेकार असतं तर पहिल्या फोनवरही पान आलं नसतं.

मी नेटवर्क सांभाळायचं काम करतो, आणि ही तक्रार माझ्याकडे इतक्यांदा येते की आता मी आधी फोन हातात घेतो, राऊटरकडे नंतर जातो. फोनवर नेमकं काय बघायचं आणि कोणत्या क्रमाने, ते खाली लिहिलं आहे. पण लॉगिनचं पान मुळात उघडतं कसं हे कळलं नाही, तर त्या पायऱ्या नुसत्या पाठ करायच्या गोष्टी होतील. म्हणून आधी ते.

पान वाय-फाय पाठवत नाही, फोन ओढून आणतो

बहुतेकांची समजूत अशी असते की वाय-फायला जोडलं की राऊटर आपल्याकडे लॉगिनचं पान ढकलतो. तसं होत नाही. फोनच्या पडद्यावर स्वतःहून पान उघडण्याचा अधिकार राऊटरला नसतो, आणि नसावाच. पान उघडायचं की नाही हे फोन ठरवतो, आणि त्यासाठी तो एक छोटा प्रश्न विचारतो.

वाय-फायला जोडल्याबरोबर फोन आधी राऊटरकडून स्वतःसाठी एक पत्ता घेतो. त्यासोबत त्याला आणखी दोन गोष्टी कळतात: बाहेर जायचा रस्ता कोणता, म्हणजे गेटवे, आणि नावांचे पत्ते कोणाला विचारायचे, म्हणजे डीएनएस सर्व्हर. मग तुमच्या नकळत तो एका ठरलेल्या ठिकाणी जाऊन येतो. अँड्रॉइड फोन साधारणपणे इथे जातो:

```
http://connectivitycheck.gstatic.com/generate_204
```

आणि आयफोन इथे:

```
http://captive.apple.com/hotspot-detect.html
```

अँड्रॉइडला तिथून रिकामं उत्तर हवं असतं, फक्त २०४ हा क्रमांक. आयफोनला एक इवलंसं पान हवं असतं, ज्यात `Success` एवढा एकच शब्द असतो. हवं ते उत्तर मिळालं, तर फोन म्हणतो, इंटरनेट आहे, विषय संपला. उत्तर भलतंच आलं, म्हणजे रिकाम्या उत्तराऐवजी दुसरीकडे जायचा निरोप किंवा कुणाचं तरी पान आलं, तर फोन ओळखतो की मध्ये कुणीतरी उभं आहे. मगच तो लॉगिनचं पान उघडतो किंवा ‘वाय-फायमध्ये साइन इन करा’ अशी सूचना दाखवतो. आणि उत्तरच आलं नाही, तर फोन म्हणतो, इंटरनेट नाही. यात लॉगिन पानाचा प्रश्नच येत नाही.

या तीन शक्यता लक्षात ठेवा. ज्या फोनवर पान उघडत नाही, त्याला एकतर बरोबर उत्तर मिळालेलं असतं किंवा काहीच उत्तर मिळालेलं नसतं. पान उघडायला चुकीचं उत्तर मिळावं लागतं. विचित्र वाटतं, पण सगळा खेळ या ‘चुकीच्या’ उत्तरावर चालतो.

दोन्ही पत्त्यांची सुरुवात `http://` ने होते, `https://` ने नाही, हेही पाहून ठेवा. ही नजरचूक नाही, मुद्दाम ठेवलेलं आहे. कारण पुढे येईल.

गेटवे मध्ये कसा शिरतो

लॉगिन न केलेल्या फोनला अडवण्याच्या दोन जुन्या रीती आहेत. बऱ्याच ठिकाणी दोन्ही एकत्र वापरतात.

पहिली रीत डीएनएसची. फोन विचारतो, ‘अमुक नावाच्या साइटचा पत्ता काय?’ लॉगिन झालेलं नसेल तर गेटवे प्रत्येक नावाला एकच उत्तर देतो: स्वतःचा पत्ता. बातम्यांची साइट विचारा, हवामानाची विचारा, उत्तर तेच. लॅपटॉप त्याच वाय-फायला जोडून पाहिलं तर हे उघड दिसतं:

```
nslookup example.com
Name:    example.com
Address: 10.10.0.1
```

`10.` ने सुरू होणारा पत्ता खासगी, म्हणजे त्या इमारतीच्या आतला असतो. जगभर चालणारी साइट अशा पत्त्यावर असूच शकत नाही. म्हणजे उत्तर गेटवेने बनवून दिलेलं आहे. फोन बिचारा त्या पत्त्यावर जातो आणि तिथे लॉगिनचं पान भेटतं.

या रीतीत एक खोट आहे. फोनने पत्ता गेटवेलाच विचारला पाहिजे. दुसऱ्या कुणाला विचारला तर सगळी बनवाबनवी फुकट. शिवाय मिळालेला पत्ता फोन काही वेळ लक्षात ठेवतो. लॉगिन झाल्यावरही एखादी साइट काही मिनिटं पुन्हा लॉगिन पानावरच नेत असेल, तर ते या जुन्या उत्तरामुळे. विमान मोड क्षणभर चालू करून बंद केला की बहुधा सुटतं.

दुसरी रीत वाटेत अडवण्याची. इथे डीएनएस खरा पत्ता देतो, फोन खऱ्या पत्त्याकडे निघतो, पण पोर्ट ८० वरची, म्हणजे साध्या एचटीटीपीची, प्रत्येक विनंती गेटवे स्वतःकडे वळवतो आणि मूळ साइटच्या नावाने उत्तर देतो: ‘३०२, इकडे जा.’ लॅपटॉपवर ते असं दिसतं:

```
curl -si http://connectivitycheck.gstatic.com/generate_204
HTTP/1.1 302 Found
Location: http://10.10.0.1/login
```

२०४ हवं होतं, ३०२ आलं. फोनला एवढं पुरतं.

कुलूप लावलेल्या साइटचं काय?

मग हेच एचटीटीपीएसला का चालत नाही? तुम्ही ब्राउझरमध्ये बँकेची साइट उघडलीत तर गेटवे तिलाही लॉगिन पानाकडे का वळवत नाही?

कारण एचटीटीपीएसमध्ये एकही ओळ देण्या-घेण्याआधी ओळखपत्र तपासलं जातं. ब्राउझर म्हणतो, ‘मला अमुक बँक हवी आहे, तू तीच आहेस हे दाखव.’ समोरच्याने त्या नावाचं प्रमाणपत्र दाखवायचं आणि त्याची गुप्त किल्ली आपल्याकडे आहे हे सिद्ध करायचं. गेटवेकडे बँकेची किल्ली नसते. तो फार तर स्वतःचं प्रमाणपत्र दाखवू शकतो, आणि त्यावर नाव दुसरंच असतं. मग ब्राउझर लाल इशारा देतो, `NET::ERR_CERT_COMMON_NAME_INVALID` किंवा तशाच अर्थाचा. ‘इकडे जा’ हा निरोप ऐकण्याची पाळीच येत नाही, कारण निरोपाआधीच दार बंद झालेलं असतं.

हे बिघडलेलं नाही. एचटीटीपीएस ज्या कामासाठी केलं, ते काम ते चोख करतंय. वाटेतल्या कुणालाही तुमच्या बँकेचं नाव घेऊन बोलता येऊ नये, हाच त्याचा हेतू आहे. गेटवे सज्जन आहे की चोर, हे ब्राउझरला कळायला मार्ग नाही.

अनेक साइटनी त्यावर आणखी एक खिळा ठोकला आहे. ‘माझ्याकडे यायचं तर एचटीटीपीएसनेच या’ असं त्या ब्राउझरला सांगून ठेवतात. या सोयीचं नाव एचएसटीएस, आणि ती २०१२ पासून प्रमाणित आहे. अशा साइटच्या इशाऱ्याच्या पानावर ‘तरीही पुढे जा’ हे बटणच नसतं. काही साइटची नावं तर ब्राउझरसोबतच यादीत छापून येतात, त्यामुळे पहिल्या भेटीतही सूट नाही.

आता फोनचा तो छोटा प्रश्न `http://` ने का सुरू होतो हे उघड आहे. तो अडवला जावा म्हणूनच बिनकुलपाचा ठेवलेला आहे.

ब्राउझरच्या सवयीही बदलल्या आहेत. २०२१ मधल्या क्रोम ९० पासून नुसतं नाव टाइप केलं की ब्राउझर आधी एचटीटीपीएसने प्रयत्न करतो. पूर्वी ‘कुठलीही साइट उघड, लॉगिन पान येईल’ हा सल्ला चालायचा. आता ‘कुठलीही साइट’ म्हणजे जवळपास नेहमी कुलूपबंद साइट, त्यामुळे तो सल्ला शिळा झाला. तरी लोक देतात.

आता फोन हातात घ्या

क्रम महत्त्वाचा आहे. मी तो असा ठेवतो की आधी काहीच न बिघडवणाऱ्या गोष्टी, मग सेटिंग बदलणाऱ्या.

*पायरी १. मोबाइल डेटा बंद करा.* ही पायरी लोक गाळतात आणि मग पुढच्या सगळ्या पायऱ्या फसव्या ठरतात. वाय-फायवर इंटरनेट नाही असं दिसलं की फोन ब्राउझरची वाहतूक गुपचूप मोबाइल डेटावरून नेतो. तुम्ही चाचणीसाठी साइट उघडता, ती झटकन उघडते, लॉगिन पान मात्र येत नाही, कारण तुम्ही वाय-फायवरून गेलाच नव्हता. डेटा बंद केल्यावर फोनला एकच रस्ता उरतो.

*पायरी २. सूचनांची पट्टी खाली ओढा.* अँड्रॉइडवर पान आपोआप न उघडता नुसती ‘साइन इन करा’ अशी सूचना येऊन पडलेली असू शकते. वाय-फायच्या यादीत त्या नेटवर्कच्या नावावर बोट ठेवलं तरी पान उघडतं. आयफोनवर वाय-फायच्या यादीत नावाशेजारच्या `i` वर जा आणि तिथलं `Auto-Login` चालू आहे ना पाहा. ते बंद असेल तर पान आपणहून येणार नाही.

*पायरी ३. नेटवर्क विसरायला लावा.* सेटिंगमध्ये त्या नेटवर्कवर `Forget` करा आणि पुन्हा जोडा. याला कारण आहे. पूर्वी कधीतरी लॉगिन पान घाईत बंद करताना अँड्रॉइडवर ‘हे नेटवर्क आहे तसंच वापरा’ असा पर्याय तुम्ही निवडला असेल, तर फोन तो लक्षात ठेवतो आणि पुन्हा विचारत नाही. विसरायला लावलं की तो पाटी कोरी करून पुन्हा प्रश्न विचारतो.

*पायरी ४. बिनकुलपाचं पान स्वतः मागा.* ब्राउझरमध्ये पूर्ण पत्ता टाइप करा, सुरुवातीच्या `http://` सकट:

```
http://neverssl.com
```

ही साइट याच कामासाठी आहे, ती एचटीटीपीएस वापरत नाही. लॉगिन पान उघडलं तर अडवणूक नीट चालू आहे आणि फोनचा आपोआपचा प्रश्नच कुठेतरी हुकला होता. भरा आणि मोकळे व्हा.

पान उघडलं नाही तर काय दिसतंय ते वाचा. ‘पत्ता सापडला नाही’ अशा अर्थाचं, जसं `ERR_NAME_NOT_RESOLVED`, दिसलं तर दोष डीएनएसचा. पायरी ५ कडे जा. नुसतंच गोल फिरत राहिलं तर व्हीपीएनची शंका घ्या. आणि neverssl चं खरं पान उघडलं, तर बहुधा लॉगिन आधीच झालेलं आहे, किंवा पायरी १ राहिली.

*पायरी ५. डीएनएस कोणाकडे जातंय ते पाहा.* माझ्या अनुभवात ‘फक्त माझ्याच फोनवर येत नाही’ याचं सर्वांत जास्त वेळा सापडणारं कारण इथे असतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

२०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून सेटिंगमध्ये `Private DNS` हा पर्याय आहे. त्यात तीन अवस्था असतात. बंद असेल तर फोन वाय-फायच्या डीएनएसला उघड विचारतो. `Automatic` असेल तर जमल्यास कुलपातून विचारतो, नाही जमलं तर उघड विचारतो. इथे अडचण येत नाही. तिसऱ्या अवस्थेत तुम्ही एका सेवेचं नाव स्वतः लिहिता, आणि मग फोन फक्त तिलाच, फक्त कुलपातून, पोर्ट ८५३ वरून विचारतो. जाहिराती रोखायला पुष्कळ जण असं नाव लिहून ठेवतात आणि वर्षभराने विसरतात.

लॉगिन न झालेल्या वाय-फायवर पोर्ट ८५३ बंद असतं. फोनला दुसऱ्या कुणाला विचारायची परवानगी तुम्हीच नाकारलेली. मग कुठलंच नाव सुटत नाही, आणि गेटवेची डीएनएसवाली बनवाबनवीही फोनपर्यंत पोहोचत नाही. अँड्रॉइड आपला तपासणीचा प्रश्न आणि त्यातून उघडणारी लॉगिन खिडकी यांच्यासाठी या सेटिंगला वळसा घालतं, त्यामुळे पहिल्या झटक्यात पान कधीकधी येतंही. पण ती खिडकी बंद केलीत आणि ब्राउझरमधून जायला लागलात की वळसा संपला.

उपाय सोपा: सेटिंगच्या शोधपट्टीत `Private DNS` लिहा, `Automatic` करा, पायरी ३ आणि ४ पुन्हा करा. लॉगिन झाल्यावर जुनं नाव परत लिहायला हरकत नाही.

आयफोनमध्ये असं डीएनएस कुठल्याशा अॅपमधून किंवा प्रोफाइलमधून बसवलेलं असतं. ते अॅप तात्पुरतं बंद करा. आणि दोन्ही फोनवर आणखी एक जुनी खोड असते: नेटवर्कच्या सेटिंगमध्ये हाताने लिहिलेला `8.8.8.8` सारखा डीएनएस. फक्त पहिल्या रीतीवर चालणारं गेटवे असेल, तर असा फोन एकतर अडकून पडतो किंवा खरा पत्ता घेऊन निघतो आणि वाटेत काहीच उत्तर मिळत नाही. काही गेटवे पोर्ट ५३ वरचे, म्हणजे साध्या डीएनएसचे, सगळे प्रश्न, कोणालाही पाठवलेले असोत, स्वतःकडे ओढतात. तिथे हा फोनही चालतो. म्हणूनच एका ठिकाणी चाललेला फोन दुसरीकडे अडतो.

*पायरी ६. व्हीपीएन.* चालू असेल तर लॉगिनपुरतं बंद करा. ‘व्हीपीएनशिवाय जोडणी नको’ असं सेटिंग असेल तर तेही काढा. जाहिराती रोखणारी बरीच अॅप फोनला आतून व्हीपीएनच भासतात, तीही इथेच मोजा.

*पायरी ७. गेटवेच्या दारावर थेट जा.* वाय-फायच्या तपशिलात `Gateway` किंवा `Router` म्हणून एक पत्ता दिसतो. तो ब्राउझरमध्ये `http://` लावून टाइप करा, जसं `http://10.10.0.1`. इथे डीएनएसची गरजच नाही, त्यामुळे नावांचा घोळ असला तरी हे चालू शकतं. प्रत्येक ठिकाणी लॉगिन पान गेटवेवरच असतं असं नाही, म्हणून ही शेवटची पायरी.

या सगळ्यात एक गोष्ट करू नका. प्रमाणपत्राचा लाल इशारा आला आणि ‘तरीही पुढे जा’ असं बटण दिसलं, तर लॉगिन पानाच्या आशेने ते दाबू नका. तुम्ही मागितली होती बँक किंवा मेल, आणि समोर आहे दुसराच कुणी. `http://neverssl.com` वरून तेच पान कुठलाही इशारा न येता मिळतं, मग जोखीम कशाला? आणि लॉगिन पान तुमच्या मेलचा किंवा बँकेचा पासवर्ड मागत असेल तर सरळ उठून निघा.

एक फोन, पंधरा मिनिटं

मागे एका प्रशिक्षणाला गेलो होतो. दुपारच्या सुट्टीत शेजारी बसलेल्या बाईंनी फोन पुढे केला. ‘तुम्ही नेटवर्कचं बघता ना? मग बघा. सगळ्यांचं लागलंय, माझंच नाही.’

फोन अँड्रॉइड. वाय-फाय जोडलेलं, शेजारी उद्गारचिन्ह. मी ब्राउझरमध्ये एक बातम्यांची साइट उघडली, छान उघडली.

‘अहो, चालतंय की!’

‘ते माझ्या डेटावर चाललंय,’ त्या म्हणाल्या. बरोबर होतं त्यांचं. पायरी १ मीच विसरलो होतो.

डेटा बंद केला. सूचना नव्हती. नेटवर्क विसरायला लावलं, पुन्हा जोडलं. क्षणभर ‘साइन इन करा’ अशी सूचना आली, आणि ती मी दाबेपर्यंत फोन दुसऱ्याच एका ओळखीच्या वाय-फायवर उडी मारून गेला. त्या इमारतीत कार्यालयाचंही वाय-फाय होतं, आणि सकाळी कुणीतरी त्याचा पासवर्ड त्यांना दिला होता. तिथला सिग्नल जेमतेम एक काडी. तेही विसरायला लावलं.

परत पाहुण्यांच्या वाय-फायवर आलो तर सूचना नाही. `http://neverssl.com` टाइप केलं: `ERR_NAME_NOT_RESOLVED`. नावच सुटत नाही म्हणजे डीएनएस. सेटिंगमध्ये `Private DNS` पाहिलं, तर तिसरी अवस्था, आणि त्यात जाहिराती रोखणाऱ्या एका सेवेचं नाव.

‘हे कुणी लिहिलं?’

‘मुलाने. फोन नवा घेतला तेव्हा. का, चुकीचं आहे?’

चुकीचं नव्हतं. घरी ते उत्तम चालत होतं. `Automatic` केलं, neverssl पुन्हा मागितलं, आणि लॉगिन पान हजर. नंबर, ओटीपी, झालं. ओटीपी एसएमएसने येतो, त्याला डेटा लागत नाही. डेटा बंद ठेवल्याने काही अडलं नाही.

मग मी मुलाने लिहिलेलं नाव परत घातलं, आणि फोनने लगेच सांगितलं की खासगी डीएनएस सर्व्हरपर्यंत पोहोचता येत नाही. म्हणजे त्या वाय-फायवर पोर्ट ८५३ लॉगिननंतरही बंदच होतं. हे गेटवेवाल्याचं धोरण. फोनवरून त्यावर इलाज नाही. प्रशिक्षण संपेपर्यंत `Automatic` ठेवा आणि घरी गेल्यावर नाव परत लिहा, असं सांगून मी नाव एका चिठ्ठीवर उतरवून दिलं.

वाय-फाय तुमचंच असेल तर

वरच्या सगळ्या गोष्टी एकेका फोनच्या. पण तक्रारीत नमुना दिसत असेल, म्हणजे आयफोनवर पान येतं आणि अँड्रॉइडवर कुणाच्याच येत नाही, तर फोन चाळत बसू नका. दोष गेटवेत आहे, आणि मला तो बहुतेक वेळा एकाच जागी सापडला आहे.

लॉगिनआधीही काही साइट मोकळ्या सोडाव्या लागतात. पाहुण्याने गुगल खात्याने लॉगिन करावं अशी सोय ठेवली, तर गुगलची पानं लॉगिनआधी उघडायला हवीत. मग सांभाळणारा मोकळ्या साइटच्या यादीत ढोबळपणे लिहितो: `*.google.com`, `*.gstatic.com`. झालं! अँड्रॉइडचा प्रश्न `connectivitycheck.gstatic.com` कडेच जातो. तो आता न अडता बाहेर पडतो, खरं २०४ घेऊन येतो, आणि फोन समजतो की इंटरनेट आहे. लॉगिन पान उघडायचं कारणच उरत नाही, आणि बाकी एकही साइट चालत नाही. फोनवर उद्गारचिन्हसुद्धा दिसत नाही, म्हणून हा दोष लवकर लक्षात येत नाही.

पडताळणी अर्ध्या मिनिटाची. लॉगिन न केलेला लॅपटॉप पाहुण्यांच्या वाय-फायला जोडा आणि दोन्ही फोनचे प्रश्न स्वतः विचारा:

```
curl -si http://connectivitycheck.gstatic.com/generate_204
curl -si http://captive.apple.com/hotspot-detect.html
```

दोन्हीकडून ३०२ यायला हवं. पहिल्याचं उत्तर २०४ आलं, तर यादी सैल आहे. ताऱ्याच्या खुणा काढा आणि लॉगिनला खरोखर लागणारी नावंच एकेक करून लिहा. काही कंपन्यांचे अँड्रॉइड फोन प्रश्न स्वतःच्या सर्व्हरला विचारतात, उदाहरणार्थ शाओमीचे `connect.rom.miui.com` ला. तक्रार एकाच कंपनीच्या फोनची असेल तर त्या नावावरही हीच चाचणी करा.

अडवताना उत्तर द्या, नुसतं गिळू नका. पोर्ट ८० वरच्या विनंत्या फेकून दिल्या तर फोनला काहीच उत्तर मिळत नाही आणि तो ‘इंटरनेट नाही’ म्हणून गप्प बसतो. आणखी एक गंमत: ‘नेटवर्कमध्ये लॉगिन हवं’ असं सांगायला एचटीटीपीत ५११ हा खास क्रमांक आहे. पण अँड्रॉइड २०० ते ३९९ मधल्या उत्तरालाच लॉगिन पान समजतं, ५११ ला नाही. तेव्हा ३०२ च द्या. पोर्ट ४४३ वर, म्हणजे एचटीटीपीएसवर, मात्र स्वतःचं प्रमाणपत्र दाखवत बसू नका, जोडणी सरळ नाकारा. नाकारली की ब्राउझरला ताबडतोब कळतं. नुसती गिळली की तो कितीतरी सेकंद ताटकळतो, आणि प्रमाणपत्र दाखवलंत तर पाहुण्यांना लाल इशारे झुगारायची सवय लागते.

गेटवे नवीन असेल तर अडवाअडवीशिवायची सरळ वाटही आहे. फोनला पत्ता ज्या पद्धतीने दिला जातो त्या डीएचसीपीच्या ११४ क्रमांकाच्या पर्यायातून, पत्ता देतानाच, लॉगिन पानाची माहितीही देता येते. हे २०२० मध्ये प्रमाणित झालं, आणि अँड्रॉइड ११ व आयओएस १४ पासूनचे फोन ते समजतात. त्यासाठी एचटीटीपीएसचा पत्ता आणि खरं प्रमाणपत्र लागतं. जुने फोन उरलेत तोवर ३०२ ची सोय काढू नका.

बदल केल्यावर तुमच्याच फोनवर चाचणी घेताना एक चकवा आहे. गेटवे तुमच्या फोनला त्याच्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे फोन वाय-फायवर दाखवतो त्या ओळख क्रमांकावरून, ओळखतो, आणि सकाळी लॉगिन केलेलं असेल तर पान दाखवणारच नाही. नेटवर्क `Forget` करूनही भागत नाही, कारण अँड्रॉइड बहुधा त्याच नावाच्या नेटवर्कसाठी तोच बनावट मॅक पत्ता पुन्हा वापरतो. गेटवेच्या यादीतून आधी तुमचं चालू सत्र काढून टाका, मग फोन जोडा.